किक-ऑफचा मेल: एका पानाआधी काय काय ठरवावं लागतं

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या कंपनीत एक प्रकल्प सुरू झाला आणि तो सुरू झाल्याचं संबंधितांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. पुरवठादारांची बिलं तोवर कागदावर आणि ईमेलवर, या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असत. ती एका ठिकाणी घ्यायची, स्क्रीनवर मंजूर करायची आणि कोणतं बिल कुठे अडलंय हे कोणालाही दिसेल असं करायचं, असा हा प्रकल्प. मी त्याची प्रोजेक्ट मॅनेजर. याआधीचे प्रकल्प माझ्या हातात आले ते अर्धे झाल्यावर, त्यामुळे घोषणेपासून सुरुवात करायची वेळ पहिल्यांदाच आली. नमुने शोधले. सगळे गुळगुळीत: "कळवण्यास आनंद होतो की…" आणि पुढे उद्दिष्टं, भूमिका, टप्पे, पहिली बैठक असे चार मथळे, प्रत्येकाखाली रिकामी जागा. त्या जागा भरायला काय लागतं ते कुठेच सापडलं नाही, म्हणून हे लिहितेय.

जानेवारीच्या मध्यात प्रोजेक्ट चार्टरवर सही झाली. आमचे वित्तप्रमुख या प्रकल्पाचे स्पॉन्सर. सही करतानाच ते म्हणाले, "उद्या मेल टाकून द्या सगळ्यांना." संध्याकाळी मी कच्चा मसुदा केला आणि प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न लिहिला: हे वाचून कोण म्हणेल की 'मला कोणी विचारलं?' जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे कोणाचं तरी नाव आलं. चार्टर पाचसहा जणांनी पाहिलेला कागद होता. मेल मात्र चौतीस जणांकडे जाणार होता आणि त्यातली प्रत्येक तारीख, प्रत्येक नाव त्या दिवसापासून कंपनीचा शब्द ठरणार होतं. मी सरांना सांगितलं की मेलमध्ये ज्याचं नाव किंवा ज्याच्या कामाची तारीख येईल, त्याच्याशी मी आधी बोलणार. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ द्या. ते थोडे नाराज झाले, पण हो म्हणाले.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो उद्दिष्टाच्या एका वाक्याने. चार्टरमध्ये लिहिलं होतं, "बिल प्रक्रियेचा कालावधी ५० टक्क्यांनी कमी करणे." वाचायला ठीक, पण कशाच्या ५० टक्के? अकाउंट्सला विचारलं तर त्यांच्या रिपोर्टप्रमाणे बिल मंजूर व्हायला सरासरी नऊ दिवस लागत होते. खरेदी विभागाच्या मॅडमना हा आकडा सांगितला तर त्या हसल्याच. "नऊ दिवस? मला पुरवठादारांचे फोन येतात की महिना झाला, अजून बिलाचा पत्ता नाही."

दोघंही खरं बोलत होते. तीन शाखांमधली डिसेंबरची साठेक बिलं काढून मी प्रत्येकावरच्या तारखा एका शीटमध्ये मांडल्या: बिलावर छापलेली तारीख, शाखेत आल्याचा शिक्का, अकाउंट्सच्या सिस्टिममध्ये नोंद झाल्याची तारीख आणि अंतिम मंजुरी. अकाउंट्सचं घड्याळ नोंदीपासून सुरू होत होतं. शिक्क्यापासून मोजलं तर तेच बिल चोवीस दिवस घेत होतं. मधले पंधरा दिवस ते शाखेतच पडून असे, बहुतेक वेळा माल मिळाल्याची नोंद झालेली नाही म्हणून. नऊ दिवसांचे साडेचार करायच्या मागे आम्ही लागलो असतो, तर अडचण जिथे नव्हतीच तिथे सगळी मेहनत गेली असती.

घड्याळाचं दुसरं टोकही सरळ नव्हतं. माझ्या मसुद्यात "पैसे जाईपर्यंत" असं होतं. सरांनी तिथे बोट ठेवलं: "मुदत तीस दिवसांची असेल तर मी दहाव्या दिवशी पैसे का देऊ?" बरोबर होतं. बिल लवकर तयार असणं आणि पैसे लवकर जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रकल्पाच्या हातात, दुसरी कराराच्या. म्हणून शेवटचा बिंदू 'अंतिम मंजुरी' ठरला. सरासरीऐवजी आम्ही मधलं बिल धरलं, म्हणजे सगळी बिलं दिवसांच्या क्रमाने लावली तर बरोबर मध्ये येणारं. कारण वादात अडकलेली दोनचार बिलं महिनोन् महिने पडून राहतात आणि सरासरीला आपल्याकडे ओढतात. शेवटी मेलमध्ये गेलं ते असं (मेल इंग्रजीत होता, इथे मराठीत देतेय):

"आज शाखेत बिल पोचल्यापासून अंतिम मंजुरीपर्यंत मधल्या बिलाला २४ दिवस लागतात. ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत हे १० दिवसांवर आणायचं आहे. वादातली बिलं यात धरलेली नाहीत. त्यांची संख्या दर महिन्याला वेगळी कळवू."

त्याखाली, त्याच अक्षरात, या प्रकल्पात काय नाही ते लिहिलं: प्रवासखर्चाचे क्लेम, किरकोळ रोख खर्च आणि नवी पद्धत सुरू होण्याआधीची थकलेली बिलं. या ओळीला विरोध झाला. आयटीतल्या एकाचं म्हणणं, "सुरुवातीलाच 'नाही'ची यादी कशाला? नकारात्मक वाटतं." मी ती ठेवली. घोषणा वाचणारा माणूस आपापल्या दुखण्याचं औषध तीत शोधत असतो आणि स्पष्ट नकार नसेल तर ते त्यात आहे असं धरून चालतो. जूनमध्ये कोणी "पण प्रवासखर्चही होणार होता ना?" म्हणालं असतं, तर तेव्हाचा वाद आजच्यापेक्षा मोठा झाला असता.

आता भूमिका. चार्टरला RACI तक्ता जोडलेला होता: काम कोण करणार, त्याची जबाबदारी कोणावर, कोणाला विचारायचं, कोणाला कळवायचं. तक्ता उपयोगी असतो, पण मेलमध्ये तो चिकटवला तर कोणी वाचत नाही. मोबाईलवर तर रकाने एकमेकांवर चढतात. मी त्यातून फक्त तीन गोष्टी उचलल्या: नाव, ती व्यक्ती कशाचा निर्णय घेणार आणि आठवड्याला तिचे किती तास लागणार. तासांचा रकाना टाकला म्हणूनच खरी बोलणी झाली. "खरेदीकडून अमुक मॅडम" असं लिहिलं तर त्यांचे वरिष्ठ मान डोलावतात. "आठवड्याला सहा तास, फेब्रुवारी ते एप्रिल" असं लिहिलं की ते खुर्ची पुढे ओढतात. खरेदीत सहाचे चार झाले आणि उरलेल्या दोन तासांसाठी दुसरं नाव मिळालं. आयटीत एका माणसाचं नाव दोन प्रकल्पांत एकाच वेळी पूर्ण वेळ दाखवलेलं निघालं. ते तिथेच निस्तरलं.

एक ओळ मात्र काही केल्या भरेना: 'पुरवठादारांची यादी साफ करणे'. ज्याला व्हेंडर मास्टर म्हणतात ती ही यादी. वर्षानुवर्षं साठलेली, एकच पुरवठादार तीन वेगळ्या स्पेलिंगने, बंद पडलेल्या कंपन्या अजून चालू दाखवलेल्या. नव्या पद्धतीत ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल हे तीन कागद सिस्टिम स्वतः जुळवून बघते. त्याला थ्री-वे मॅच म्हणतात. ऑर्डर एका स्पेलिंगवर आणि बिल दुसऱ्या स्पेलिंगवर असेल तर ते जुळत नाही, बिल अडतं आणि माणसाच्या हातात परत येतं. म्हणजे यादी साफ झाली नाही तर बाकी सगळं व्यर्थ. आणि या ओळीपुढे नाव नव्हतं. अकाउंट्स म्हणत होतं, "पुरवठादार खरेदीवाले आणतात, यादी त्यांची." खरेदी म्हणत होती, "सिस्टिममध्ये नोंद अकाउंट्स करतं, यादी त्यांची."

एका ओळीपुढे दोन विभागांची नावं टाकून मोकळं व्हायचा मोह होतो. RACI चा एक नियम त्यासाठीच आहे: काम करणारे कितीही असोत, अंतिम जबाबदारीचं A हे अक्षर एका कामापुढे एकाच माणसाचं. मी तिघांना, म्हणजे खरेदीच्या मॅडम, अकाउंट्सच्या मॅडम आणि अंतर्गत लेखापरीक्षणाचे सर, अर्ध्या तासासाठी एकत्र बसवलं. गाठ लेखापरीक्षणाच्या सरांनी सोडवली. ते म्हणाले, "हे एक काम नाहीच, दोन आहेत. कोणता पुरवठादार यादीत राहील हे ठरवणं एक आणि त्याचं बँक खातं खरं आहे हे तपासणं दुसरं. आणि ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असता कामा नयेत." जो पुरवठादार उघडू शकतो तोच खातं बदलू शकत असेल, तर खोटा पुरवठादार तयार करून पैसे वळवणं सोपं होतं. लेखापरीक्षक ज्याला कामांची विभागणी म्हणतात ती हीच. मग मेलमध्ये एका ओळीच्या दोन ओळी झाल्या: पुरवठादार ठेवायचा की काढायचा याचा निर्णय खरेदीच्या मॅडमचा, बँक तपशिलाची पडताळणी अकाउंट्सच्या मॅडमची. कित्येक वर्षांचा वाद मिटला तो या दोन ओळींमुळे, कारण त्या चौतीस जण वाचणार होते.

भूमिकांच्या बाबतीत एक गोष्ट कोणत्याच नमुन्यात नव्हती. बिलांची नोंद करणारी अकाउंट्समधली टीम. प्रकल्पाच्या यादीत त्या पाचजणांना काही 'भूमिका' नव्हती, पण काम बदलणार होतं ते त्यांचंच. त्यांना हे मेलमधून कळणं योग्य नव्हतं. अकाउंट्सच्या मॅडमनी मेल जायच्या आदल्या दिवशी त्यांना बसवून सांगितलं. अर्थात पहिला प्रश्न आला, "यात नोकऱ्या जाणार का?" मॅडमनी सरांशी आधीच बोलून घेतलं होतं म्हणून उत्तर देता आलं: काम बदलेल, प्रशिक्षण मिळेल, पदं कमी करायचा निर्णय झालेला नाही. हेच वाक्य, याच शब्दांत, मेलमध्येही ठेवलं. मी "कोणाच्याही नोकरीला धक्का लागणार नाही" असं लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं. कायमचं वचन देता येणार नाही, जे आज खरं आहे तेवढंच लिहा, म्हणाले. ते वाक्य कोरडं वाटलं, पण टीमने पुढे त्यावर शंका घेतली नाही.

टप्प्यांच्या तारखा ठरवताना कॅलेंडर समोर ठेवलं आणि आधी कोणते दिवस वापरताच येणार नाहीत ते काळे केले. सरांच्या डोक्यात १ एप्रिल होता, गोल तारीख म्हणून. पण ३१ मार्चला तिमाही संपते आणि त्यानंतरचे काही दिवस अकाउंट्स हिशेब बंद करण्यात बुडालेलं असतं. त्या दिवसांत नवी सिस्टिम चालू करणं म्हणजे अंगावर ओढवून घेणं. मग १४ एप्रिल, सोमवार. पण आमच्याकडे त्या दिवशी सुट्टी. पुढचा सोमवार २१ एप्रिल; तो ईस्टर मंडे, युरोपातलं ऑफिस बंद. म्हणून मंगळवार २२ एप्रिल. मेलमध्ये तारखेच्या पुढे कंसात एवढंच लिहिलं: "तिमाहीचे हिशेब आणि दोन्ही ऑफिसांच्या सुट्ट्या टाळून". कारण दिलेली तारीख लोक सहज हलवायला सांगत नाहीत, हा अनुभव नंतर आला. "एक आठवडा अलीकडे घेता येईल का?" असं कोणी विचारलंच नाही.

शेवटी पाच टप्पे राहिले. मूळ आराखड्यात वीसपेक्षा जास्त होते. ते टीमसाठी ठेवले. प्रत्येक टप्प्याला तारखेबरोबर तो 'झाला' असं कशावरून म्हणायचं आणि ते कोण म्हणणार, हे जोडलं. उदाहरणार्थ, "चाचणी पूर्ण, २१ मार्च" एवढंच लिहून भागत नाही. मेलमध्ये होतं: "२१ मार्च: जुनी ४० खरी बिलं नव्या पद्धतीतून नेऊन पाहिलेली असतील. त्यात अर्धवट आलेला माल, क्रेडिट नोट, दोनदा आलेलं एकच बिल आणि ऑर्डरपेक्षा वेगळा दर, असे प्रकार असतील. निकाल मान्य करणार अकाउंट्सच्या मॅडम." सरळसोट बिलं घेऊन केलेली चाचणी नेहमीच पास होते, म्हणून वाकड्या बिलांची नावं आधीच लिहून टाकली. जवळच्या तीन टप्प्यांना नेमकी तारीख दिली. एका शाखेत सुरू करून मग बाकीच्या शाखांत न्यायचं होतं, त्याला मात्र "जून ते जुलै" एवढंच. पहिल्या शाखेत काय निघेल ते माहीत नसताना दहाव्या शाखेची तारीख लिहिणं म्हणजे अंदाजाला वचनाचे कपडे घालणं.

पैशांचा आकडा मेलमध्ये टाकायचा का, यावर बोलणं झालं. टाकला नाही. मंजूर रक्कम चार्टरमध्ये होती आणि चार्टर सुकाणू समितीपुरता होता. वेळेचा खर्च मात्र मी मांडला. पहिल्या बैठकीला चौतीसच्या चौतीस बोलावले आणि ती दीड तास चालली, तर एकावन्न माणसी तास गेले. त्यातले वीस जण फक्त ऐकायला येणार. म्हणून बैठक चौदा जणांची आणि पाऊण तासाची केली, म्हणजे साडेदहा तास. उरलेल्या वीस जणांना मेलमध्ये स्पष्ट लिहिलं की तुम्हाला यायची गरज नाही, दुसऱ्या दिवशी इतिवृत्त मिळेल. दोघांनी त्याबद्दल आभार मानले.

बैठकीचा मजकूर असा होता: गुरुवार १३ फेब्रुवारी, दुपारी ३ ते ३.४५, पुढे युरोपातली वेळ, खोली आणि व्हिडिओ कॉलची लिंक. अजेंड्यात 'ओळख' आणि 'चर्चा' असले शब्द न घालता तीन निर्णय लिहिले: पहिली शाखा कोणती, मोठ्या रकमेच्या बिलाला दुसरी सही कुठल्या रकमेपासून, आणि बिल अडलं तर किती दिवसांनी वर कळवायचं. प्रत्येकापुढे निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि "येणं जमत नसेल तर निर्णयाचा अधिकार देऊन दुसऱ्याला पाठवा" ही ओळ. वाचून यायची दोन पानं लिंकवर.

कॅलेंडरचं आमंत्रण मेलपासून वेगळं पाठवा. मेलमध्ये लिहिलेली वेळ कोणाच्या कॅलेंडरमध्ये आपोआप जात नाही, आणि आमंत्रण पाठवलं की कोण येणार ते दिसतं. दर पंधरवड्याची पुढची बैठक लावताना एक बारीक गोष्ट निघाली. आमच्याकडे घड्याळ बदलत नाही. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे जातं, २०२५ मध्ये ३० मार्चला. आमच्या वेळेवर बांधलेलं आमंत्रण एप्रिलपासून तिकडे एक तास उशिरा दिसू लागतं आणि त्या तासाला त्यांची दुसरी बैठक असू शकते. मेल पाठवायच्या आधी तिकडच्या सहकाऱ्याला एप्रिलचं पान उघडून पाहायला सांगितलं. खरंच एक बैठक आडवी येत होती. आम्ही एप्रिलपासूनची मालिका वेगळी लावली.

पत्त्यांची यादी. 'सर्व व्यवस्थापक' असा तयार ग्रुप होता, पण उघडून पाहिला तर त्यात सोडून गेलेले लोक होते आणि नव्या दोन शाखाप्रमुखांची नावं नव्हती. त्यामुळे नावानिशी यादी केली. ज्यांना काही करायचं आहे ते 'टू'मध्ये, फक्त माहितीसाठी असलेले 'बीसीसी'मध्ये. कारण माहितीसाठी असलेल्या कोणी 'रिप्लाय ऑल' दाबलं तर ते उत्तर 'बीसीसी'तल्या बाकीच्यांकडे जात नाही, "अभिनंदन!"च्या मेलांचा पाऊस थांबतो. पण 'बीसीसी'त ठेवलं म्हणजे लपवलं असं वाटू नये, म्हणून मेलच्या तळाला लिहिलं: "हा मेल सर्व शाखाप्रमुख आणि लेखापरीक्षण विभागालाही पाठवला आहे." गोदामात माल उतरवून घेणाऱ्यांना कंपनीचा ईमेल नसतो, आणि पंधरा दिवसांचा उशीर सुरू होतो तो त्यांच्याच नोंदीपासून. त्यांच्यासाठी सहा ओळींचा वेगळा मजकूर करून शाखाप्रमुखांना दिला, शिफ्टच्या सुरुवातीला वाचून दाखवायला.

पुरवठादारांना मात्र या टप्प्यावर काहीच कळवलं नाही. लेखापरीक्षणाच्या सरांचा आग्रह होता. "आमची बिल पद्धत बदलतेय" असा मेल बाहेर गेला की त्याचीच नक्कल करून कोणी "नवा खाते क्रमांक पाठवा" किंवा "आमचं खातं बदललंय" असे मेल टाकू शकतं. पुरवठादारांना कळवायचं ते एप्रिलमध्ये, ठरलेल्या व्यक्तीकडून, आणि त्यात बँक तपशील मागायचेच नाहीत, असं ठरलं.

मेल सरांच्या नावाने, त्यांच्याच पत्त्यावरून जाणार होता. माझ्या नावाने गेला असता तर आठवड्याचे सहा तास मागणारी मी कोण, असं झालं असतं. पण त्यासाठी त्यांचा होकार हवा आणि ते प्रवासात. "कृपया पाहून कळवा" असं लिहून पाठवलेला मसुदा त्यांच्याकडे जवळजवळ आठवडाभर पडून राहिला. ते दिवस फार अस्वस्थ गेले. ज्यांच्याशी बोलले होते ते विचारत होते, "काय झालं, गेला का मेल?" आणि बातमी आडून आडून पसरत होती. मग मी पद्धत बदलली. फोनवर वाचता येईल असे तीन प्रश्न पाठवले: २२ एप्रिल चालेल? नोकऱ्यांबद्दलचं वाक्य असंच ठेवायचं? यादी साफ करण्याच्या दोन ओळी मान्य? तासाभरात तीन उत्तरं आली, सोबत दोन दुरुस्त्या. 'महत्त्वाकांक्षी' हा शब्द त्यांनी काढायला लावला आणि पहिल्या ओळीत हा प्रकल्प आत्ताच का, ते घातलं: जुन्या सिस्टिमचा सपोर्ट वर्षअखेर संपतोय. हे माझ्या मसुद्यात तिसऱ्या परिच्छेदात होतं. त्यांच्या जागी ते जास्त शोभलं.

पाठवायच्या आधी शेवटची तपासणी एका अशा सहकाऱ्याकडून करून घेतली, जिला प्रकल्पाच्या फोल्डरचे काही अधिकार नव्हते. चारपैकी एक लिंक तिला "परवानगी मागा" असं म्हणत होती. स्वतःच्या लॉगिनने हे कधीच दिसत नाही. तिलाच मोबाईलवर मेल वाचायला दिला आणि विचारलं, तुला काय करायचंय, कधी, आणि शंका असेल तर कोणाला विचारशील? तिसरं उत्तर तिला सापडलं नाही, म्हणून माझं नाव आणि नंबर तळातून काढून बैठकीच्या ओळीखाली आणले. विषयाची ओळ अशी होती: "पुरवठादार-बिल प्रकल्प सुरू: पहिली बैठक गुरु. १३ फेब्रु., दु. ३". 'महत्त्वाची सूचना' असं लिहिलेले मेल आमच्याकडे रोजच येतात.

मंगळवारी, ४ फेब्रुवारीला सकाळी मेल गेला. सोमवारी सगळे आठवड्याच्या गर्दीत असतात आणि शुक्रवारी गेलेला मेल सोमवारी दहा मेलांच्या खाली जातो. बैठकीला नऊ दिवस होते. लोकांना आपली कामं हलवायला तेवढे हवेत.

दुपारपर्यंत पाच उत्तरं आली. दोन "शुभेच्छा". तिसरं एका शाखाप्रमुखांचं, जरा रागातच: किरकोळ रोख खर्च यात का नाही, त्यातच आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. हे उत्तर वाचून मला हायसं वाटलं. त्यांनी मेल नीट वाचला होता आणि वाद नेमक्या ओळीवर होता. त्यांना फोन केला, त्यांचं म्हणणं पुढच्या टप्प्याच्या यादीत तारखेसह नोंदवलं आणि नोंदीची लिंक पाठवली. ते पूर्ण खूश झाले नाहीत, पण बैठकीत हा विषय निघाला नाही. कोणीच कशावर हरकत घेतली नसती तर मला जास्त काळजी वाटली असती. मग समजायचं की मेल उघडला गेला, वाचला गेला नाही.

आमंत्रणाला चौदापैकी अकरा जणांनी दोन दिवसांत हो म्हटलं. उरलेल्या तिघांना पुन्हा मेल न करता फोन केले. एकजण रजेवर होते, दुसऱ्यांचं कॅलेंडर त्यांचे सहायक बघत होते. तिसऱ्या, आयटीच्या सरांनी, सांगितलं की त्यांच्या माणसाला दिलेले तास मार्चमध्ये देता येणार नाहीत, एका तातडीच्या कामामुळे. मेलमध्ये तासांचा आकडा लिहिलेला होता म्हणूनच त्यांना ते आधी सांगावंसं वाटलं.

बैठक वेळेत सुरू झाली, पाच मिनिटं जास्त चालली. तीनपैकी दोन निर्णय झाले. दुसरी सही कुठल्या रकमेपासून, हे ठरलं नाही. लेखापरीक्षणाला गेल्या वर्षीच्या बिलांचे आकडे हवे होते. ते कोण आणि कधी आणणार एवढं लिहून विषय पुढे ढकलला. आयटीच्या तासांमुळे चाचणीची तारीख २१ मार्चवरून हलवायची की चाचणीची बिलं कमी करायची, यावर थोडी खडाजंगी झाली. अकाउंट्सच्या मॅडम बिलं कमी करायला तयार होईनात. मार्चअखेर तर जमणारच नव्हतं, म्हणून तारीख अलीकडे आणली: १४ मार्च. त्यासाठी आयटीने फेब्रुवारीत जास्त तास दिले.

इतिवृत्त दुसऱ्या दिवशी गेलं. तारीख बदलल्याचं मात्र मी इतिवृत्तात पुरून ठेवलं नाही. मूळ मेलच्याच धाग्यात, त्याच चौतीस जणांना, सरांच्या नावाने तीन ओळी गेल्या: काय बदललं, का बदललं आणि काय बदललेलं नाही. विषयाच्या सुरुवातीला "बदल १" जोडला. पुढे असा मेल फक्त तीन कारणांसाठी पाठवायचा असं टीममध्ये ठरवून घेतलं: उद्दिष्टाचा आकडा, मेलमधल्या पाचपैकी एखाद्या टप्प्याची तारीख किंवा निर्णय घेणाऱ्याचं नाव बदललं तर. बाकी सगळं लिंकवरच्या पानावर. "बदल २" मे महिन्यात गेला, खरेदीच्या मॅडम दुसऱ्या विभागात गेल्या तेव्हा. त्यांच्या जागी आलेल्या सरांना मी आधी फोन करून तासांचा आकडा सांगितला, त्यांचा होकार घेतला आणि मगच नाव बदललं.